मुलाखतीला जायचंय, पैसे एकाच वस्तूपुरते आहेत : बूट, शर्ट की जॅकेट?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. नऊ दिवसांनी माझी मुलाखत आहे, हिशेब विभागात सहायकाची जागा. लागोपाठ दोन दिवस दोन फेऱ्या आहेत आणि दुसऱ्या फेरीत पहिल्याच दिवशीचे लोक पुन्हा असणार.

गेल्या महिन्यात एका ठिकाणी गेलो होतो. बोलताना समोरच्या बाईंची नजर दोनतीनदा माझ्या मनगटाकडे गेली. मीही पाहिलं, तर कफची कड विरून धागे लोंबत होते. नकार त्याच्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही, पण त्या क्षणापासून मी हात टेबलाखाली ठेवून बसलो आणि येत असलेली उत्तरंही अर्धवट दिली.

आत्ता माझ्याकडे हे आहे. एक पांढरा शर्ट, तोच कफ विरलेला, काखेत पिवळट डाग. एक फिकट निळा शर्ट, अंगाला छान बसतो, पण कॉलरची घडी झिजून आतलं अस्तर दिसायला लागलंय. एक काळी जीन्स. मोठ्या भावाची करडी पँट, कापड उत्तम, पण मला कमरेला तीन इंच सैल आणि लांबीला दीड इंच जास्त. काळे बूट, उजव्याचा तळ पुढून सुटलाय. जॅकेट नाही.

पैसे एकाच नव्या वस्तूपुरते आहेत आणि तीही स्वस्तातलीच. काय घ्यावं?

ठाममत

यात विचार करण्यासारखं काही नाही. जॅकेट घे. माणसाची छाप ९३ टक्के दिसण्यावर आणि आवाजावर पडते, शब्दांना फक्त ७ टक्के किंमत असते, हे संशोधनाने सिद्ध झालंय. जॅकेटमुळे कॉलर आणि कफ दोन्ही झाकले जातात. पांढरा शर्ट ब्लीचमध्ये बुडवून ठेव, डाग जातील. बुटाला दोन थेंब इन्स्टंट ग्लू. काम झालं.

आभाळवेडी

माझा अनुभव सांगते. प्रकाश समोरून यायला हवा, खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. आणि बारीक पट्ट्यांचा शर्ट नको, पडद्यावर तो थरथरतो. लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून डोळ्यांच्या उंचीला आणा.

कोरीपाटी

आभाळवेडी ताई, मुलाखत समोरासमोर आहे, व्हिडिओवर नाही. पण पट्ट्यांचं माहीत नव्हतं, पुढे उपयोगी पडेल.

टेबलापलीकडे

मी बारा वर्षं निवड समित्यांवर बसते आहे, बहुतेक कार्यालयीन पदांसाठी. दोन गोष्टी स्पष्ट करते.

ठाममत, ते ९३ टक्के मुलाखतीबद्दल नाहीतच. आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवले होते आणि बोलणाऱ्याच्या भावनेबद्दल लोकांना काय वाटतं एवढंच विचारलं होतं. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत उमेदवार काय बोलतो याला ७ टक्के किंमत असती, तर आम्ही प्रश्न तयार करायला आठवडा घालवला नसता.

पण कपड्यांचा परिणाम होत नाही, असंही मी म्हणणार नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ओ, शफीर आणि टोडोरोव्ह यांचे प्रयोग २०२० मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये छापून आले. तेच चेहरे, फक्त खालचे कपडे थोडे जास्त किंवा थोडे कमी 'पैसेवाले' दिसणारे. बघणाऱ्यांना श्रीमंत कपड्यांतला माणूस जास्त सक्षम वाटला. चित्र १२९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढंच दाखवलं तरी वाटला. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असं बजावलं तरी वाटला. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण त्या बघणाऱ्यांच्या जागी मी बसते.

आता प्रत्यक्षातलं. आमच्या गुणपत्रकात कपड्यांचा रकाना नसतो. 'तपशिलाकडे लक्ष' हा मात्र असतो, आणि हिशेबाच्या जागेला तो हमखास असतो. कपडे गुणांमध्ये शिरतात ते या दारातून. स्वस्त शर्ट पाहून 'हा बारकाईनं काम करणार नाही' असं कोणी मनात म्हणत नाही. लोंबता धागा, एक बटण वेगळं, टाचेला वाळलेला चिखल, हे पाहून मात्र म्हणतं, आणि ते आपण कपड्यांवरून म्हणतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून, कोरीपाटी, 'काय नवीन घेऊ' याच्या आधी 'दुर्लक्ष झाल्यासारखं काय दिसतंय' हे शोधा. तुमच्या यादीत अशा चार जागा आहेत आणि त्यांतल्या एकीलाही जॅकेट लागत नाही.

रात्रपाळी

मी वर्कशॉपमधला माणूस. पहिल्या मुलाखतीला उसन्या कोटात गेलो होतो. समोरच्या फोरमननं पहिलाच प्रश्न केला, "मशीन चालवायचंय ना तुम्हाला?" पुढच्या ठिकाणी स्वच्छ इस्त्रीची पँट, साधा शर्ट आणि जाड तळाचे बूट घालून गेलो. बाह्या दुमडलेल्या. त्यांनी लगेच मशीनजवळ नेऊन हात चालवायला सांगितला. त्यामुळे जॅकेटचं मी तरी नाहीच म्हणेन. आणि नखं. आमच्याकडे ग्रीस असतं म्हणून चालतं, पण मुलाखतीला नखांत ग्रीस नसावं, हातावर असलं तर एक वेळ चालेल.

सुईदोरा

कपडे दुरुस्तीचं काम मी एकतीस वर्षं करतोय. नवीन शिवण्यापेक्षा जुनं अंगाला बसवून देणं हेच जास्त. पोरा, तुझ्याजवळ चांगला पोशाख आहे, फक्त तो अजून तुझा झालेला नाही. सावकाश लिहितो, वाच.

सगळ्यात आधी खांदा बघ. शर्टाची खांद्याची शिवण तुझ्या खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपते का? निळा शर्ट छान बसतो म्हणतोस, म्हणजे संपत असणार. मग तोच शर्ट ठेवायचा. बाजू आत घेता येतात, बाही वर घेता येते, पण खांदा हलवायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते, आणि स्वस्त शर्टावर ती मजुरी घालण्यात अर्थ नसतो. दुकानात नवीन शर्ट घेतानाही हेच : आधी खांदा, मग गळा, बाकीचं दुरुस्त होतं.

कॉलर झिजलीय ती घडीवर, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूला. ती उलटून मिळते. कॉलर पट्टीपासून उसवायची, पालथी करायची, परत त्याच पट्टीत बसवून शिवायची. खालची, आजवर न दिसलेली बाजू वर येते. आमच्या धंद्यातलं हे जुनं काम आहे, तासाभरात होतं. मात्र हे एकदाच करता येतं. कॉलरच्या टोकांना बटणं असतील, किंवा खालच्या बाजूला पट्ट्या सरकवायचे खिसे असतील, तर उलटवून चालत नाही, सगळं वर दिसतं. तुझी साधी आहे ना, ते बघून घे.

आता पँट. तीन इंच सगळे कमरेतून काढू देऊ नकोस. मागच्या मधल्या शिवणीतून दीड इंच बिनधास्त निघतो, फार तर दोन. त्यापुढे गेलास की मागचे दोन खिसे एकमेकांकडे सरकतात आणि बसताना शिवण ओढते. दोन इंच आत घे, उरलेला एक इंच बेल्टवर राहू दे. कंबर आवळली की लांबी थोडी बदलते, कारण पँट खाली उतरत नाही. म्हणून लांबीचं माप कमरेचं काम झाल्यावर, आणि जे बूट घालणार तेच बूट घालून घ्यायचं. पुढून कापड बुटाला नुसतं टेकलं पाहिजे, चुण्या पडायला नकोत. खालचं कापड कापू नको, आत दुमडून हातानं तुरपाई करून घे. बाहेरून टीप दिसत नाही, आणि उद्या भावाला पँट परत द्यायची झाली तर ती उसवता येते. कमरेची माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, तेही कापू नको, तेवढ्याचसाठी.

कोरीपाटी

काका, कॉलर साधीच आहे. ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. पांढऱ्या शर्टाचा कफही असाच उलटतो का?

सुईदोरा

उलटतो, पण दोन कफ, म्हणजे काम दुप्पट. एकच शर्ट करायचा तर निळा कर. पांढऱ्याचा कफ पाव इंच आत दुमडून नवी टीप मारून मिळते. बाही तेवढी आखूड होते. हात वाकवल्यावर मनगटाचं हाड उघडं पडत नसेल तर चालेल. पण त्या पांढऱ्याला ब्लीचमध्ये घालू नकोस, हे आधी सांगतो.

ठाममत

ब्लीचला विरोध का? पांढऱ्या कपड्यालाच तर ब्लीच असतं.

जुनीवही

मी सांगते, माझे वडील धोबीकाम करायचे. काखेतला पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते आणि घाम मिळून तो थर बसतो. क्लोरीनच्या ब्लीचनं तो पुष्कळदा आणखी गडद होतो, आणि कापडात पॉलिस्टर असेल तर कापडही पिवळं पडतं. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खायचा सोडा यांची लापशीसारखी पेस्ट करा, डागावर अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशनं हलकं घासून थंड पाण्यात धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत त्यावर इस्त्री अजिबात नको, उष्णतेनं तो पक्का होतो. पांढऱ्यासाठीच सांगते आहे हे. निळ्यावर कराल तर रंग उतरू शकतो, आतल्या शिवणीवर आधी थेंबभर लावून बघा.

वासाचीही एक गोष्ट आहे. पॉलिस्टर जास्त असलेल्या शर्टाला धुऊनही घामाचा वास राहतो. थंड असताना येत नाही, इस्त्री फिरली किंवा अंग तापलं की येतो. म्हणून इस्त्री करताना काखेजवळ नाक नेऊन बघा. तेव्हा वास आला, तर मुलाखतीच्या खोलीतही येणार. अत्तर मारून तो झाकत नाही, दोन वास होतात.

ठाममत

ठीक, ब्लीचचं मागे घेतो. पण बुटाचं तरी?

सुईदोरा

इन्स्टंट ग्लू काचेसारखा कडक होतो. बूट चालताना जिथे वाकतो तिथेच सुटलाय, म्हणजे दोन दिवसांत परत तडकणार, आणि दुसऱ्यांदा चिकटवायला गेलं की तो कडक थर आधी खरवडावा लागतो. चांभाराकडे दिलास तर उत्तम, तो चिकटवून वर दोन टाके घालेल. घरी करायचं तर चपलांसाठीचं, वाळल्यावर रबरासारखं लवचिक राहणारं चिकटद्रव्य घे. दोन्ही बाजू स्वच्छ करून सँडपेपरनं खरखरीत कर, दोन्हीकडे पातळ थर लाव, आणि लगेच चिकटवू नकोस. दहा-पंधरा मिनिटं थांब, बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, तेव्हा दाब. वर जड काहीतरी ठेवून एक दिवस हात लावू नकोस.

मग पॉलिश. जाड थर एकदा देण्यापेक्षा पातळ थर दोनदा, मध्ये दहा मिनिटं वाळू देऊन. तळाची कड आणि टाचेची मागची बाजू लोक विसरतात. दारातून बाहेर पडताना तीच दिसते.

रात्रपाळी

एकच विचारतो. मग काळी जीन्स का नाही? नवी असेल तर पँटसारखीच दिसते.

टेबलापलीकडे

कंपनीवर अवलंबून आहे. २०१४ मध्ये बेलेझा, जिनो आणि किनन यांचा एक अभ्यास आला होता. रीत मोडणारा पोशाख कधीकधी माणसाला वजन देतो, पण बघणाऱ्याला तो 'ठरवून' केलेला वाटला तरच. नामांकित माणूस जीन्समध्ये आला तर त्याला गरज नाही म्हणून आला असं वाटतं. पहिली नोकरी शोधणाऱ्याच्या बाबतीत असा संशयाचा फायदा कोणी देत नाही, हे अन्यायाचं आहे आणि मी ते दर वेळी पाहते. त्यात धुऊन धुऊन काळा रंग गुडघ्यावर आणि शिवणीवर उतरतो, ट्यूबलाइटखाली तो तपकिरी दिसतो. करडी पँट हाताशी असताना जीन्स नको.

आभाळवेडी

स्त्रियांसाठी कोणी काही बोलत नाहीये. आमच्या बाबतीत कपडे बसण्याचा प्रश्न वेगळा असतो. उभं असताना सगळं ठीक, खुर्चीत बसल्यावर वरच्या बटणांमध्ये फट पडते. मग अर्धा तास मी तिकडेच लक्ष देते.

सुईदोरा

ताई, बरोबर बोललात, आणि हे पुरुषांनाही लागू आहे. फट पडते ती जागा बहुतेक दोन बटणांच्या मधली असते. तिथे आतून एक बारीक टिचबटण लावून घ्या, बाहेरून दिसत नाही. पण ते उपयोगी पडतं तुमचं माप थोडंच कमी पडत असेल तर. बटण लावल्यावर कापडावर आडव्या ओढलेल्या रेघा दिसत असतील तर माप खरोखर कमी आहे. तेव्हा एक माप मोठं घेऊन बाजू आत घ्यायच्या. लहान कपडा मोठा करणं मायेवर अवलंबून असतं, आणि तयार कपड्यांत माया जवळपास नसते. जी असते ती उसवली की जुनी शिवण आणि न उडालेला रंग पट्ट्यासारखा दिसतो.

आणि प्रत्येकानं आरशासमोर खुर्ची ठेवून बसून बघावं. बाजूनं एक फोटो काढून घ्यावा. शर्ट पँटीतून निघतो का, पायमोजे आणि पँट यांच्यात पायाची कातडी दिसते का, हात पुढे केल्यावर बाही किती मागे जाते. मुलाखत बसून होते आणि लोक माप उभ्यानं घेतात.

ठाममत

जॅकेटबद्दल मी अजूनही माझ्या मतावर आहे. टेबलापलीकडे ताईंनीच सांगितलं की पैसेवाले दिसणाऱ्या कपड्यांतला माणूस सक्षम वाटतो. मग जॅकेटनं तो फायदा मिळत नाही का?

टेबलापलीकडे

प्रश्न रास्त आहे. मी याचं उत्तर असं देते : मिळतो, जॅकेट बसत असेल तर. हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये माणसाचे फोटो चेहरा झाकून काही सेकंदच दाखवले होते. एकदा मापाचा शिवलेला सूट, एकदा दुकानातला तयार. रंग तोच, कापड जवळपास तसंच. मापाच्या सुटातला माणूस लोकांना जास्त आत्मविश्वासू, जास्त यशस्वी, जास्त कमावणारा वाटला. म्हणजे डोळ्यांना 'सूट आहे' एवढंच पुरलं नाही, तो कसा बसलाय हे दिसलं. कोरीपाटीच्या बजेटमधलं नवं जॅकेट खांद्याला बसेलच असं नाही आणि दुरुस्तीला पैसे उरणार नाहीत.

कोणाकडून उसनं मिळालं आणि खांद्याला नीट बसलं, तर मी घालायला सांगेन. समितीत ते थोडं तरी मोजलं जातं, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

सुईदोरा

इथे माझं आणि ताईंचं जमत नाही. उसनं जॅकेट अंगावर घातलेला माणूस मी लांबून ओळखतो. तो हात हलवत नाही. सवय नसलेला कपडा माणसाला आखडून टाकतो आणि पोरानं सांगितलंच आहे की कफ दिसल्यावर त्याची उत्तरं गेली. ज्या कपड्याचा विसर पडतो तो कपडा चांगला.

टेबलापलीकडे

आठवडाभर घरी रोज तासभर घातलं तर सवय होते, काका. पण मान्य आहे, तुम्ही म्हणता ती भीती खरी आहे. यावर मी सगळ्यांना लागू पडेल असा निकाल देणार नाही.

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी असं ठरवलंय. निळ्या शर्टाची कॉलर उलटवायची, पँट कमरेला दोन इंच आणि लांबी, बूट चांभाराकडे. नवीन वस्तू एकच : बुटाच्या काळ्याशी जुळणारा साधा बेल्ट आणि मोजे, म्हणजे दोन म्हणा. दुसऱ्या दिवसासाठी पांढरा शर्ट जुनीवही ताईंच्या पद्धतीनं. पांढऱ्याचा डाग पूर्ण गेला नाही तर निळाच रात्री धुऊन घालावा लागेल. तो रात्रीत वाळेल का ही काळजी आहे.

जुनीवही

पिळू नका, चुण्या बसतात. कोरड्या जाड टॉवेलवर शर्ट पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि त्यावर गुडघ्यानं दाब द्या. बरंचसं पाणी टॉवेलमध्ये जातं. मग हँगरवर, बटणं लावून, पंख्याखाली. सकाळी किंचित दमट असताना इस्त्री करा : आधी कॉलर टोकांकडून मधे, मग कफ, मग बाह्या, शेवटी अंग. पूर्ण वाळल्यावर इस्त्री कराल तर सुरकुत्या ऐकत नाहीत.

करड्या पँटीवर इस्त्री थेट फिरवू नका, पँट उलटी करून किंवा वर ओलसर सुती कापड ठेवून करा. थेट फिरवली की कापड चकाकतं. त्यात पॉलिस्टर असेल तर धागा वितळून चपटा झालेला असतो आणि ती चकाकी परत जात नाही.

रात्रपाळी

केस मुलाखतीच्या आदल्या दिवशी कापू नकोस. चारपाच दिवस आधी काप, म्हणजे बसतात. दाढी ठेवायची तर ठेव, पण गळ्याखालची रेघ साफ असू दे.

*(बारा दिवसांनंतर)*

कोरीपाटी

दोन्ही फेऱ्या झाल्या. आधी काय बिघडलं ते सांगतो, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

शिंप्यानं लांबीचं माप कंबर करण्याआधी घेतलं. मी सांगितलं होतं, ते म्हणाले काही फरक पडत नाही. पडला. पँट वर बसली आणि अर्धा इंच आखूड झाली. कापड कापलं नव्हतं म्हणून बचावलो, तुरपाई उसवून परत घातली. जुन्या घडीची रेघ राहिली होती, ती व्हिनेगर शिंपडून ओल्या कापडातून इस्त्री केल्यावर बरीच गेली. जवळून पाहिली तर दिसते.

पांढऱ्या शर्टाचा एका काखेतला डाग गेला, दुसऱ्या काखेतला फिकट झाला, पण राहिला. तो शर्ट घातला नाही. दोन्ही दिवस निळाच. टॉवेलची युक्ती चालली, कॉलरपट्टी तेवढी सकाळीही दमट होती, ती इस्त्रीनं वाळवली.

कॉलर उलटवल्यावर एक गोष्ट लक्षात आली : खालची बाजू कमी उडालेली, त्यामुळे कॉलर बाकीच्या शर्टापेक्षा किंचित गडद दिसते. आईला दिसली नाही, मला दिसते.

सुईदोरा

ते होतं. दोनतीन धुण्यांत जवळ येतं. मी आधी सांगायला हवं होतं.

टेबलापलीकडे

आणि मुलाखत?

कोरीपाटी

पहिल्या दिवशी त्यांनी दोन याद्या दिल्या, बँकेची आणि वहीची, आणि न जुळणाऱ्या नोंदी शोधायला सांगितल्या. हात टेबलावरच होते. पाच नोंदी होत्या, मी चार शोधल्या. पाचवीत तारीख वेगळी होती, रक्कम तीच, ती सुटली. दुसऱ्या दिवशी तेच लोक, तोच शर्ट. कोणाच्या लक्षात आलं असेल तर मला कळलं नाही.

जॅकेट घातलेले दोघे होते बाहेर. एकाला ते नीट बसलं होतं आणि तो खरंच छान दिसत होता. त्यामुळे ठाममत, तुमचं म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही.

निकाल अजून आलेला नाही. दहा दिवसांत कळवतो म्हणालेत. दुसरीकडे एक मुलाखत आलीय, पुढच्या आठवड्यात. सुईदोरा काका, पांढऱ्याचा कफ आत दुमडायचा तर शिंप्याला नेमकं काय सांगू? मागच्या वेळेसारखं व्हायला नको.

सुईदोरा

शर्ट अंगात घालूनच जा. कोपर वाकवून हात पुढे कर, त्या अवस्थेत मनगटाच्या हाडापाशी खडूची खूण करायला सांग. ती खूण झाल्याशिवाय शर्ट काढू नकोस.